विनंती विशेष काही नाही

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला एकच ज्ञापन, म्हणजे मेमो, मिळाले आणि ते मी अजून जपून ठेवले आहे. मी ते देवघरात ठेवणार होतो. पण अरुंधती, म्हणजे आमची सौ., म्हणाली की उगाच देवांना धाक वाटेल. म्हणून ते कपाटात, आमच्या लग्नपत्रिकेखाली असते. लोकांना ज्ञापनाची लाज वाटते. मला त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटते. कारण त्या कागदाने मला रुपराव भोयर नावाचा माणूस मिळवून दिला, आणि सरकारने मला दिलेल्या वस्तूंपैकी टिकलेली ती एकच आहे.

ज्ञापनाचा विषय असा होता: ‘सरकारी पत्रात लोभाची मागणी केल्याबाबत.’

झाले ते असे. त्र्याहत्तर सालचा नोव्हेंबर होता. मी नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत पेन्शन शाखेत होतो. नोव्हेंबरात सगळ्या पेन्शनरांना आपण जिवंत आहोत असा दाखला पाठवावा लागतो. तो मिळाला की ‘आपण हयात असल्याची नोंद घेण्यात आली आहे’ असे आम्ही कळवायचो. टायपिस्ट रजेवर असल्याने त्या दुपारी मी ही पत्रे हाताने लिहीत होतो. मधल्या सुट्टीत त्याच टेबलावर अमरावतीच्या साडूंना घरगुती पत्र लिहायला घेतले. दोन्ही पत्रे अर्धी अर्धी झाली होती. डबा उघडला, भाकरी खाल्ली, हात धुऊन आलो आणि दोन्हींचे शेवट लिहून टाकले. साडूंच्या पत्राचा शेवट झाला ‘सदर बाबीची नोंद घेऊन त्वरित कार्यवाही करावी.’ आणि कन्हानच्या कोणा रुपराव भोयर नावाच्या पेन्शनराला गेलेल्या पत्रात, आपण हयात असल्याची नोंद घेण्यात आली आहे, याच्या खाली ओळ आली: ‘कळावे. लोभ असावा, ही विनंती.’

साडूंनी पुढे दोन महिने माझ्याशी बोलणे सोडले, तो भाग वेगळा. आमचे हेडक्लार्क मार्तंडराव स्थळप्रती, म्हणजे गेलेल्या पत्रांच्या कचेरीत राहणाऱ्या नकला, वाचत. सगळे जग सह्या करते, मार्तंडराव वाचत. त्यांनी मला बोलावले आणि ती ओळ बोटाने दाखवली.

“पांढरीपांडे, हे काय होय?”

“चूक झाली साहेब.”

“लोभ कोणत्या नियमाखाली मागितला? आपल्याले मागायचा अधिकार फक्त दाखल्याचा आहे.”

दुसऱ्या दिवशी ज्ञापन आले. खुलासा तीन दिवसांत मागवला होता. तो मला तेव्हा देता आला नाही. तो कधी आणि कुठून आला, ते शेवटी कळेल.

आठ-दहा दिवसांनी माझ्या नावाने कचेरीत एक पोस्टकार्ड आले. पत्ता वळणदार, ठसठशीत अक्षरात. मागे वर लिहिले होते, ‘सा. न. वि. वि.’ खाली उजव्या कोपऱ्यात, ‘आपला, रुपराव भोयर, कन्हान.’ मधे काहीही नाही. स्वच्छ, कोरे, पिवळसर कार्ड.

घरगुती पत्र असते तर मी ते खिशात टाकले असते. पण ते कचेरीच्या पत्त्यावर आले होते आणि बारनिशीत, म्हणजे आवक-जावकाच्या वहीत, त्याची नोंद होऊन गेली होती: आवक क्रमांक चार हजार चारशे सतरा. विषयाच्या रकान्यात बारनिशीवाल्याने बराच विचार करून ‘नाही’ असे लिहिले होते. ज्यांना सरकारी कचेरी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आवक झालेला कागद निकाली निघावाच लागतो. तो मंजूर होऊ शकतो, नामंजूर होऊ शकतो, वरिष्ठांकडे जाऊ शकतो. पण नुसता राहू शकत नाही. दर सोमवारी प्रलंबित कागदांची यादी निघे, आणि त्या यादीत माझ्या नावापुढे रुपराव भोयरांचा नमस्कार येऊन बसला.

पुढच्या सोमवारी दुसरे कार्ड आले. ‘सा. न. वि. वि.’ त्याच्या पुढच्या सोमवारी तिसरे. मार्तंडरावांनी तिन्ही कार्डांना मिळून एक फाइल उघडायला लावली. त्यांनी टिपणी लिहिली, ती मला पाठ आहे: ‘पत्रलेखकाने साष्टांग नमस्कार केला असून विनंती विशेष असल्याचे घोषित केले आहे. मात्र विनंती नमूद नाही. सबब अर्ज अपूर्ण आहे.’

तर्क बिनतोड होता. आपण सगळे जन्मभर ‘वि. वि.’ लिहितो, पण त्यात ‘विनंती विशेष’ असे काही कबूल करून ठेवतो हे माझ्याही ध्यानात तेव्हाच आले. आता ही विनंती शोधून काढणे हे माझे काम झाले. एवढेसे काम, मी मनात म्हटले, दोन दिवसांत उरकेल.

मी दुसरे कार्ड घरी आणले. हे नियमाबाहेर होते. पण आमच्या शेजारी मनोहरराव राहत, आणि त्यांना विचारल्याशिवाय आमच्या गल्लीत कोणाची मुंजही होत नसे. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले होते, त्यामुळे बंद वस्तूच्या आत काय आहे हे ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता, असे ते स्वतः सांगत. त्यांनी कार्ड उजेडात धरले, हुंगले, जिभेच्या टोकाने चाखले.

“लिंबाच्या रसानं लिहिलं आहे,” ते म्हणाले. “आंबट लागून राहिलं.”

“कशाला लिहील कोणी लिंबाच्या रसानं?”

“पेन्शनीत काहीतरी गोलमाल असन. तुले कळवायचं आहे, पण बाकीच्याईले कळू द्यायचं नाही. आच दे त्याले. अक्षर उमटते.”

आम्ही शेगडी पेटवली. मनोहररावांनी कार्ड चिमट्यात धरून आचेवर फिरवले. अक्षर काही उमटले नाही. कार्ड आधी तपकिरी झाले, मग त्याचा एक कोपरा पेटला आणि मनोहररावांनी ते हडबडून पाण्याच्या घंगाळात टाकले. हाती आला तो एक ओला, काळा, सरकारी तुकडा. “म्हणजे लिंबू नव्हतं,” ते शांतपणे म्हणाले. “तपास पुढे गेला की नाही?”

तपास पुढे गेला, मी मात्र गोत्यात आलो. फाइलमधला कागद जळाला होता. मार्तंडरावांनी मला उभे केले, बसा म्हणाले नाहीत, आणि जळालेल्या कार्डाऐवजी त्याची साक्षांकित नक्कल जोडायला सांगितली. मी एक नवे कार्ड घेतले, त्यावर ‘सा. न. वि. वि.’ लिहिले, खाली ‘रुपराव भोयर’ लिहिले, ‘खरी नक्कल’ असे लिहिले आणि शिक्का मारून घ्यायला वरच्या मजल्यावरच्या राजपत्रित अधिकाऱ्यांकडे गेलो. ते भले गृहस्थ होते. त्यांनी कार्ड उलटेसुलटे केले.

“बाकीचा मजकूर?”

“बाकीचा मजकूर नाही साहेब.”

“मूळ कुठे आहे?”

“मूळ भाजलं साहेब.”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. मग चष्मा लावून सही केली. त्या नजरेत जे होते ते मला सहा महिने जिन्यात भेटत राहिले.

इकडे आमच्या घरावरच्या मजल्यावर राहणाऱ्या यमुताईंनी स्वतंत्र निष्कर्ष काढला होता. माझा धाकटा भाऊ वसंत तेव्हा नुकताच बँकेत लागला होता. “मुलीचा बाप असन,” त्या अरुंधतीला म्हणाल्या. “पहिल्या कार्डात कोणी पोरीचं नाव काढते का वं? लाजून राहिला बिचारा.” वसंताने दुसऱ्या दिवशी केस कापून घेतले. मला आजही त्याच्याकडे पाहून अपराधी वाटते.

शेवटी मी रीतसर मार्ग धरला. मार्तंडरावांच्या मान्यतेने रुपरावांना पत्र गेले: ‘आपल्या तीन पत्रांत विनंतीचा उल्लेख असून विनंती नमूद नाही. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत आपली विनंती स्पष्टपणे नमूद करावी. अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजून प्रकरण दफ्तरी दाखल करण्यात येईल.’ या वेळी शेवट मी दोनदा तपासला. लोभाचा मागमूस नव्हता.

कार्डे थांबली. एक सोमवार गेला, दुसरा गेला. फाइलवर ‘दफ्तरी दाखल’ असा शेरा बसला, प्रलंबित यादीतून माझे नाव निघाले आणि मार्तंडराव पहिल्यांदा मला बसा म्हणाले. त्या संध्याकाळी मी घरी संत्र्याची बर्फी घेऊन गेलो आणि सगळा विजय अरुंधतीला सांगितला. तिने बर्फीला हात लावला नाही.

“म्हणजे त्यांना तुम्ही उत्तर दिलंच नाही,” ती म्हणाली.

“दिलं ना. सात दिवसांची मुदतही दिली.”

“अहो, त्यांनी नमस्कार केला. तुम्ही नमस्कार केला का?”

मी आठवून पाहिले. नमस्कार केला नव्हता. सरकारी पत्रात तशी सोय नसते.

“पण काम काय ते तर सांगायला पाहिजे माणसानं,” मी म्हणालो.

तिने बर्फीचा पुडा बांधून ठेवला. मग म्हणाली, “लग्न होऊन मी या घरी आली, ते पहिलं वर्ष आठवते तुम्हाला? तुम्ही दहाला जायचे, सहाला यायचे. मी रोज दुपारी वाटी घेऊन यमुताईंकडे विरजण मागायला जायची.”

“आठवतं. आपलं दही लागायचंच नाही.”

“आपलं दही रोज लागायचं. विरजण घरात होतं. मला कोणाचा तरी आवाज पाहिजे होता. पण कोणाच्या दारात जाऊन मला करमत नाही असं म्हणता येते का? म्हणून विरजण. यमुताईंना सगळं माहीत होतं. एकदा तर माझ्या पदराला दह्याचा हात लागलेला होता. त्यांनी कधी विचारलं नाही की रोज काहून लागते. विरजण द्यायच्या, म्हणायच्या, बस घडीभर, मी वाल सोलून राहिली. बस, एवढंच. मी वाल सोलायची आणि घरी यायची. ते दोन-चार महिने त्यांनी मला काढून दिले.”

नऊ वर्षे मी त्या बाईबरोबर संसार केला होता आणि मला हे ठाऊक नव्हते. दही मात्र मी रोज खाल्ले होते.

“कोऱ्या कार्डाचंही तसंच असेल,” ती म्हणाली. “ज्याला काम असते तो काम लिहिते. काम झालं की समोरचा मोकळा होते, तेही त्याला माहीत असते. ज्याला नुसती सोबत पाहिजे, तो काय लिहील? जास्त लिहिलं तर समोरच्याला ओझं होईल, म्हणून माणूस एवढंसंच पाठवते, की बा, तिकडे कोणी आहे का. आणि तुमच्या त्या चुकीच्या ओळीनं त्यांना वाटलं असेल, आहे.”

मी ज्ञापन काढून पुन्हा वाचले. लोभ मीच मागितला होता. त्या माणसाने तो तीन वेळा पाठवला आणि मी तो अपूर्ण अर्ज म्हणून परत केला. मला फार वाईट वाटले. आणि मला वाईट वाटले की मी लगेच लांबलचक लिहायला बसतो.

पहिला मसुदा मी दोन पाने लिहिला. त्यात रुपरावांना सात प्रश्न होते: घरी कोण कोण असते, मुले काय करतात, एकटे राहता का, राहत असल्यास का, वगैरे. अरुंधती म्हणाली, “ही शिरगणती झाली.” दुसऱ्या मसुद्यात वार्धक्यातील एकाकीपणा या विषयावर मी बरेच भारदस्त चिंतन केले होते. तो वाचून ती म्हणाली, “त्यांनी कुठं म्हटलं एकटे आहेत म्हणून? त्यांनी झाकून ठेवलं, ते तुम्ही काहून उघडता? आपली कीव करून राहिले असं वाटलं तर माणूस पुन्हा तोंड दाखवत नाही.” तिसऱ्यात मी भावनेच्या भरात लिहिले की यापुढे रोज पत्र पाठवीन. “रोज जमणार आहे?” तिने विचारले. मी ‘रोज’ हा शब्द खोडला. “मग जेवढं जमते तेवढंच कबूल करा. ते वाट पाहतील.”

मनोहररावांचाही एक मसुदा होता. त्यांच्या मते रुपरावांनी सकाळी उठून फिरायला जावे, भजनी मंडळात जावे आणि मेथीचे दाणे खावेत. अरुंधतीने तो आदराने चुलीजवळ ठेवला.

शेवटी पोस्टकार्डावर जे गेले ते असे:

‘श्री. रुपरावजी भोयर यांस म. ग. पांढरीपांडे यांचा सप्रेम नमस्कार. आपली तिन्ही कार्डे पोचली. पाहून बरे वाटले. मधे कचेरीतून जे कोरडे पत्र गेले त्याबद्दल माफी असावी, ती माझी चूक. इकडे थंडी बरी आहे, आज घरी तुरीच्या शेंगा उकडल्या आणि मी जरा जास्तच खाल्ल्या. कन्हानच्या वाळूत यंदा डांगरे लावली का? सवडीने कळवा, नाही कळवले तरी चालेल. नुसता नमस्कार आला तरी आनंदच आहे. मी पंधरा दिवसांनी एकदा नक्की लिहीन. पत्ता घरचा देत आहे. कळावे, लोभ असावा.’

डांगरांचा, म्हणजे नदीच्या वाळूत होणाऱ्या खरबुजांचा, प्रश्न अरुंधतीचा होता. एकच, सोपा, दुखणारा नाही, आणि उत्तर दिले नाही तरी कोणाचे काही अडत नाही असा. “आणि लगेच टाका,” ती म्हणाली. “उशीर झाला की उत्तर नाहीच असं वाटते.”

कार्ड मी स्वतः पेटीत टाकले. पेटीवर हात मारून ते आत पडल्याची खात्री केली. उत्तर आले नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले. ठरल्याप्रमाणे दुसरे कार्ड टाकले. त्याचेही उत्तर नाही. कचेरीत मी पेन्शनरांच्या याद्या चाळू लागलो. नोव्हेंबरात ते हयात होते, याची नोंद मीच घेतली होती. पण आता जानेवारी संपत आला होता, आणि जानेवारीत माणूस हयात आहे की नाही हे सांगणारा एकही कागद सरकारकडे नसतो, हे मला त्या दिवशी कळले.

एका रविवारी मी कामठीच्या रस्त्याने बसने कन्हानला गेलो. उतरल्यावर एका टपरीवर विचारले, “रुपराव भोयर कुठं राहतात? मी पेन्शन कचेरीतून आलो.” हे दुसरे वाक्य बोलायला नको होते. मी गल्लीत पोचायच्या आधी बातमी पोचली. पन्नाशीची एक शेजारीण पदर खोचून रुपरावांच्या दारात उभी होती. तिचे नाव पंचफुला, हे मागून कळले.

“जित्ते आहेत जी,” ती मला पाहताच म्हणाली. “सकाळी माह्या घरचा चहा पेले.”

“हो, मला फक्त त्यांना—”

“मी साक्ष देतो,” मागून एक धोतरवाला म्हणाला. “काल बाजारात पाह्यले. चालून राहिले होते.”

बघता बघता सात-आठ साक्षीदार जमले. कोणी रुपरावांना मंगळवारी खोकताना ऐकले होते, कोणी त्यांच्याशी भांडले होते. आपल्या हयातीला इतके पुरावे निघतील का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मी काही बोलायच्या आत घरातून एक उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बाहेर आले. धुतलेला सदरा घातलेला, गुंड्या वरपर्यंत लावलेल्या, हातात कागदांची सुरळी.

“मीच रुपराव,” ते म्हणाले. “दाखला नवा काढू का, साहेब?”

“मी पांढरीपांडे,” मी म्हणालो. “नमस्कार करायला आलो.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग सुरळी खाली ठेवली आणि म्हणाले, “विशेष काय?”

“विशेष काही नाही,” मी म्हणालो.

तेव्हा ते हसले. पंचफुलाबाईंनी साक्षीदारांना घरी पाठवले आणि स्वतः चहा टाकायला आत गेल्या.

रुपराव तीस वर्षे नदीवरच्या पंपघरात होते. बायको जाऊन तीन वर्षे झाली होती, मुलगा भिलाईला होता. हे सगळे त्यांनी मला न विचारता सांगितले. मी फक्त चहा पीत होतो. “पंपावर फोन राहे,” ते म्हणाले. “दर तासाले तिकून टाकीवरचा माणूस घंटी दे. म्हणे, ‘हॅलो कन्हान.’ मी म्हणो, ‘हॅलो.’ बस. लाइन चालू हाय का, इकडं माणूस हाय का, एवढंच पाहाचं. काम काय म्हणून कोणी कोणाले इचारत नव्हतं. हॅलोले उत्तर हॅलोच राहते. आता रिटायर झालो तं तास होते, पण घंटी येत नाही. मंग तुमचं पत्र आलं. सरकारनं लोभ मागितला. मले वाटलं, इथं कोणीतरी लाइनवर हाय.”

“मग माझं ते दुसरं पत्र आलं,” मी म्हणालो. माझी नजर चहात होती.

“आलं न. सात दिवस इचार केला, काय विनंती करू. काहीच सापडे ना. खोटं कसं लिहाव? चूप बसलो.”

“आणि नंतरची दोन कार्डं?”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दोन्ही कार्डे काढली. कडा मऊ झाल्या होत्या. “तुमचं घरचं कार्ड वाचून बरं वाटलं. पण प्रकरण तं दफ्तरी दाखल झालं होतं न साहेब. दाखल झाल्यावर लिहिता येते का नाही, नियम कोणाले इचारू? आन् दुसरं म्हणजे, डांगराचं मले माहीतच नव्हतं. घरातून कुठं निंगत होतो मी. चुकीचं कसं कळवू? म्हणून नदीवर गेलो. ते म्हणे, अजून वाळू उघडी नाही, पुढच्या हप्त्यात या. मंग पुढच्या हप्त्यात गेलो. आता रोज जातो. डांगरवाडीवाले बसवून घेतात, मी त्याईचं डिझेल इंजन पाहून देतो. पंपावरचा माणूस मी.” त्यांनी उशीखालून एक कार्ड काढले. पत्ता माझा, मजकूर तयार, फक्त टाकलेले नव्हते. ‘सा. न. वि. वि. डांगरे लावली. तीन ओळी माझ्यासमोर.’

ते कार्ड मी हातोहात घेतो म्हणालो, पण त्यांनी दिले नाही. मला बसपर्यंत पोचवायला आले तेव्हा वाटेत ते पेटीत टाकले, आणि पेटीवर हात मारून पाहिला.

त्यानंतर दर सोमवारी त्यांचे कार्ड यायचे. कधी दोन ओळी, कधी नुसते ‘सा. न. वि. वि.’ नुसते आले की आम्ही समजायचो, या आठवड्यात बोलायला काही नाही, पण लाइन तपासली. मी पंधरा दिवसांनी लिहायचो, कबूल केले तेवढेच, पण चुकवले नाही. उन्हाळ्यात ते दोन डांगरे घेऊन आमच्याकडे आले. यमुताईंनी त्यांना मुलींबद्दल आडून विचारले, आणि त्यांना मुलगी नाही हे कळल्यावर वसंताने निराश होऊन अर्धे डांगर एकट्याने संपवले. मार्तंडरावांनाही मी ही हकिकत सांगितली.  त्यानंतर ज्ञापनाचा खुलासा त्यांनी पुन्हा मागितला नाही, त्याबद्दल त्यांचेही आभार.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी उपकारकर्ता ठरलो असतो, आणि ते खोटे झाले असते.

एकोणऐंशीत माझी चंद्रपूरला, म्हणजे जुन्या चांद्याला, बदली झाली. मुलांच्या शाळेमुळे अरुंधती नागपुरातच राहिली. मी एक खोली घेतली. कचेरीत सगळे नवीन होते, मी पाच वाजता खोलीवर यायचो, स्टोव्ह पेटवायचो, भात करायचो आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचो. अरुंधतीला मी मोठमोठी आनंदी पत्रे लिहीत होतो, हवा छान आहे, जेवणाची सोय उत्तम. तिला काळजी लावायची नव्हती. मनोहररावांना लिहिले असते तर त्यांनी मेथीचे दाणे पाठवले असते. एका रविवारी मी कार्ड पुढे घेतले आणि वर ‘सा. न. वि. वि.’ लिहिले. पुढे काय लिहावे ते सुचेना. काही मागायचे नव्हते. काही सांगायचेही नव्हते, आणि जे होते ते सांगण्याची लाज वाटत होती. अर्धा तास बसलो. मग खाली सही केली, खोलीचा पत्ता लिहिला, पुढे कन्हानचा पत्ता घातला आणि ते तसेच कोरे पेटीत टाकले. टाकल्यावर मनात आले: चाळिशी उलटलेला, मुलेबाळे असलेला माणूस मी, आणि हे काय केले.

सहाव्या दिवशी उत्तर आले. तेच ठसठशीत अक्षर, वय झाल्याने थोडे हललेले.

‘श्री. पांढरीपांडे साहेब यांस रुपराव भोयरचा सा. न. वि. वि. कार्ड भेटले. बरे वाटले. इकडे नदीले पाणी कमी हाय, पंचफुलाबाईचा नातू चालाले लागला. चांद्याले जटपुरा गेटजवळ चहा कुठे चांगला भेटते? माहीत नसन तं राहू द्या, घाई नाही. मी सोमवारी लिहीनच. लोभ हाय.’

त्र्याहत्तर सालापासून माझी एक विनंती त्या पत्त्यावर पडून होती. तिचे लेखी उत्तर मला तेव्हा मिळाले. ते कार्ड आता कपाटात ज्ञापनाला जोडून ठेवले आहे, खुलासा म्हणून.

जटपुऱ्याजवळचा चहा मला माहीत नव्हता. चुकीचे कसे कळवायचे? मी चपला घातल्या आणि विचारायला बाहेर पडलो.